छतावरचा ब्रेस दर उन्हाळ्यात सैल होतो: पाइपच्या भूकंप-आधारांची तपासणी कुठून सुरू करावी

सोलापुरात हॉस्पिटल, टॉवेलचे कारखाने, मॉल, हॉस्टेल अशा इमारतींच्या फायर लाइन आणि चिल्ड वॉटर लाइनचं काम करताना एक तक्रार फिरून फिरून येते. "साहेब, तोच अँकर परत सैल झाला." मिस्त्री एक माप मोठा अँकर मारतो, वर्ष जातं आणि पुढच्या मे महिन्यात तीच जागा, तोच फोन. बहुतेक वेळा दोष अँकरच्या मापात नसतो. ब्रेस, म्हणजे धक्क्यात पाइपला हलू न देणारा तिरपा आधार, चुकीच्या जागी असतो, किंवा अँकर ज्यात रुतलाय ते काँक्रीटच नसतं.

भूकंपाचं इथे काय, असं अजूनही विचारतात. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर झोन ३ मध्ये आहे, झोन फॅक्टर ०.१६. किल्लारी इथून सरळ रेषेत साधारण ऐंशी किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांना आठवते त्यांना हा प्रश्न पडत नाही.

आधी लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

फायर पंप सुरू झाला की कॉरिडॉरमधला पाइप झटका खातो आणि दोन-तीन वेळा झुलून थांबतो. फॉल्स सीलिंगच्या टाइल एकाच रांगेत सरकतात. एकाच कपलिंगला किंवा आटे असलेल्या जोडाला वारंवार गळती लागते. ब्रेसच्या प्लेटखाली काँक्रीटची पांढरी भुकटी पडलेली दिसते, किंवा प्लेट आणि स्लॅबच्या मध्ये फट दिसते. लोंबणारा थ्रेडेड रॉड मध्येच किंचित वाकलेला असतो. छतावर यू-बोल्टखालचा रंग पाइपच्या लांबीच्या दिशेने घासून गेलेला असतो. एसीच्या आउटडोअर युनिटच्या पायाशी प्लॅस्टरला गोल भेग पडलेली असते आणि पावसाळ्यात नेमकी तिथूनच खालच्या खोलीत ओल उतरते.

शेवटची दोन लक्षणं नीट लक्षात ठेवा. सोलापुरातल्या निम्म्या तक्रारी त्या दोनांतच मोडतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली तपासणी: हात आणि मार्कर

शिडी लावा, पाइप हाताने आडवा ढकला, मग लांबीच्या दिशेने ढकला. कुठल्या दिशेला किती हलतो ते लिहून ठेवा. आडवं हलणं अडवणारा ब्रेस वेगळा, लांबीच्या दिशेचा वेगळा. साइटवर दोन्हीला "सपोर्ट" म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हँगर फक्त वजन उचलतो, आडवा धक्का त्याचं काम नाही.

मग प्रत्येक ब्रेसच्या नटावर आणि प्लेटवर मिळून एक सरळ रेघ मार्करने ओढा आणि तारीख टाका. खर्च एका मार्करचा. महिन्याभराने रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. रेघ जशीच्या तशी, पण प्लेट स्लॅबपासून सुटलेली दिसली तर अख्खा अँकर भोकातून बाहेर येतोय. पहिल्यात टॉर्क रेंच पुरतो, दुसऱ्यात नट आवळून काहीही होत नाही. आवळताना नट नुसता फिरत राहिला आणि टॉर्क चढलाच नाही, तर तोही दुसराच प्रकार समजा.

दुसरी तपासणी: टेप

पाइपच्या टोकापासून सगळे ब्रेस मोजून कागदावर मांडा. फायर स्प्रिंकलरच्या पाइपसाठी एनएफपीए १३ या अमेरिकी मानकाची मर्यादा अशी आहे: आडवे ब्रेस जास्तीत जास्त १२ मीटरवर, लांबीच्या दिशेचे २४ मीटरवर. शेवटचा आडवा ब्रेस पाइपच्या टोकापासून १.८ मीटरच्या आत आणि लांबीच्या दिशेचा १२ मीटरच्या आत हवा. चिल्ड वॉटरच्या वेल्डेड लोखंडी पाइपलाही बहुतेक डिझायनर हीच अंतरं धरतात. बीडाच्या किंवा ठिसूळ जोडांच्या पाइपला ती कमी करावी लागतात.

ही कमाल अंतरं आहेत, उत्तर नाही. इतक्या अंतरातल्या पाइपचं वजन ब्रेस आणि अँकरला पेलतंय का, हे वेगळं तपासावं लागतं. बरेच जण इथेच थांबतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

पाच मजली हॉस्पिटल. तिसऱ्या मजल्याच्या छताला १५० मिमीची लाइन लोंबते आहे. पाइप आणि आतलं पाणी मिळून मीटरला साधारण ४० किलो. आडवे ब्रेस १२ मीटरवर म्हणजे एका ब्रेसच्या वाट्याला ४८० किलो. व्हॉल्व्ह आणि फिटिंगसाठी १५ टक्के धरले की ५५२. आता धक्का किती? आयआयटी कानपूर आणि गुजरातच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शिकेतलं सूत्र बरेच डिझायनर वापरतात:

```
Fp = Z × (1 + x/h) × (ap/Rp) × Ip × Wp
   = 0.16 × (1 + 0.6) × 1.0 × 1.5 × 552
   = 212 kg
```

यात Fp म्हणजे धक्का, Z म्हणजे झोन फॅक्टर, Wp म्हणजे वजन आणि x/h म्हणजे जोडणीची उंची भागिले इमारतीची उंची. हॉस्पिटल आहे म्हणून महत्त्वाचा गुणक दीड. पाइप धक्का किती वाढवतो आणि किती पचवतो याचा गुणक ap/Rp इथे एक धरलाय, तो पाइपच्या जोडांप्रमाणे बदलतो आणि डिझायनरने ठरवायचा असतो. छतावर गेलात की x/h एक होतो आणि तोच धक्का वजनाच्या ०.४८ पट होतो. म्हणून तळमजल्याच्या कॉरिडॉरचं डिटेल उचलून टेरेसवर लावायचं नाही.

तिसरी तपासणी: कोन आणि रॉड

२१२ किलो ऐकायला किरकोळ वाटतात. ब्रेस उभ्या रेषेपासून ४५ अंशांवर असेल तर ब्रेसमध्ये ३०० किलो येतात आणि स्लॅबमधल्या अँकरवर एकाच वेळी २१२ खाली ओढणारे आणि २१२ आडवे. पण वर डक्ट आडवा आला, जागा नाही, म्हणून मिस्त्रीने ब्रेस उभा करत ३० अंशांवर आणला, तर ओढणारा भार ३६७ वर जातो. धक्का तोच, अँकर तोच, नुसत्या कोनाने भार पावणेदोन पट. ब्रेसचा कोन मोबाइलवरसुद्धा मोजता येतो, तेव्हा आळस करू नका.

याची दुसरी बाजू कमी लोक बघतात. ब्रेस ताणला गेला की तो पाइपला वर उचलतो. शेजारच्या हँगरवर तीन मीटर पाइपचं १२० किलो वजन आहे. ४५ अंशांवर २१२ वजा १२०, म्हणजे ९२ किलोंनी रॉड दाबला जातो. दहा मिमीचा थ्रेडेड रॉड ६०० मिमी लांब असेल तर तो साधारण १२० किलोंच्या दाबाला वाकतो. म्हणजे सुरक्षेचं अंतर जवळजवळ नाहीच. ३० अंशांवर दाब २४७ होतो आणि रॉड काडीसारखा वाकतो. वाकलेल्या रॉडचं लक्षण हेच सांगत असतं. उपाय स्वस्त आहे: ब्रेसजवळच्या हँगरच्या रॉडला चॅनलचा तुकडा क्लॅम्पने बांधून ताठ करायचा. केबलचे ब्रेस वापरत असाल तर ते समोरासमोर जोडीनेच हवेत, कारण केबल ढकलू शकत नाही, आणि रॉड ताठ करणं तिथेही सुटत नाही.

याच वेळी ब्रेसचं वरचं टोक कशाला बांधलंय तेही बघा. फॉल्स सीलिंगच्या फ्रेमला, केबल ट्रेला, शेजारच्या पाइपला किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीला बांधलेला ब्रेस मोजणीत धरायचा नाही. इमारतीला एक्सपान्शन जॉइंट असेल आणि पाइप तो ओलांडत असेल, तर पाइप एका ब्लॉकला आणि त्याचा ब्रेस दुसऱ्या ब्लॉकला, असं कधीही चालत नाही. भूकंपात दोन ब्लॉक वेगवेगळे हलतात आणि मधला पाइप तुटतो. तिथे पाइपलाच लवचीक जोड लागतो.

चौथी तपासणी: ऊन

आता ज्या तक्रारीचं नाव वर शीर्षकात आहे, ती. टेरेसवर २४ मीटरची सरळ लाइन, दोन्ही टोकांना काटकोनात वळलेली. "भूकंपाला मजबूत" म्हणून दोन्ही टोकांना लांबीच्या दिशेचा जाड ब्रेस. दर उन्हाळ्यात त्यातला एक सैल होतो.

डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पाइपच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. लोखंड मीटरला अंशामागे ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे २४ मीटरला जवळपास ९ मिमी. ही वाढ दोन्ही टोकांनी पूर्ण दाबून धरली तर १५० मिमीच्या पाइपमध्ये सुमारे १८ टनांचा जोर तयार होतो. पाइप २४ मीटर असो वा १०, जोर तेवढाच, लांबीचा संबंध नाही. त्याच पाइपला लांबीच्या दिशेने भूकंपाचा धक्का किती? २४ मीटरचे ९६० किलो, वर १५ टक्के, गुणिले ०.४८, म्हणजे सुमारे ५३० किलो. ब्रेस अर्ध्या टनासाठी आहे आणि ऊन त्याच्याकडे १८ टन मागतंय. प्रत्यक्षात १८ टन कधी येत नाहीत, कारण त्याआधीच अँकर थोडा घसरतो, जोर मोकळा होतो, आणि हिवाळ्यात पाइप आखडला की फट राहते. म्हणूनच अँकर मोठा करून हे मिटत नाही. बारा मिमीऐवजी सोळाचा घातला तर पुढच्या वर्षी कपलिंग गळेल.

दुरुस्ती सोपी आहे. लांबीच्या दिशेचा ब्रेस एकच आणि तो मधोमध. तिथून दोन्ही टोकं बारा-बारा मीटरवर पडतात, म्हणजे वरची मर्यादाही पाळली जाते, आणि दोन्ही बाजूंना पाइप साडेचार-साडेचार मिमी सरकायला मोकळा राहतो. आडवे ब्रेस तीन: दोन्ही टोकांपासून दीड मीटरवर एकेक आणि मध्ये एक. पण आडव्या ब्रेसचा क्लॅम्प पाइपला लांबीत सरकू देणारा हवा. सरकायचे यू-बोल्ट करकचून आवळले की तेही ब्रेस होऊन बसतात. लाइन २४ मीटरपेक्षा लांब असेल तर लांबीचे ब्रेस दोन लागतील आणि त्यांच्या मध्ये एक्सपान्शन लूप किंवा बेलोज द्यावाच लागेल.

हे करूनही एखादा अँकर सुटतच राहिला तर वळणापलीकडे बघा. वळलेल्या पाइपवर कोपऱ्यापासून ६०० मिमीच्या आत आडवा ब्रेस असेल, तर तो आपल्या सरळ लाइनला लांबीच्या दिशेने धरतो. एनएफपीए तसा धरायची मुभाही देतं. ड्रॉइंगवर तो "आडवा" म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे मोजताना कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही कोपऱ्यांवर असे ब्रेस असतील तर मधला ब्रेस कितीही बरोबर असो, पाइप पुन्हा दोन्हीकडून अडकलेलाच. कोपऱ्यांजवळचे दोन्ही ब्रेस दूर सरकवले की पाइपला जागा मिळते. टोकाची अंतरं मात्र नव्याने मोजून घ्या.

पाचवी तपासणी: अँकर रुतलाय कशात

आता ड्रिल हातात घ्यायची वेळ आली. आपल्याकडच्या टेरेसवर आरसीसी स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, बऱ्याचदा चार ते सहा इंच. शंभर मिमीचा अँकर मारला तर तो अख्खा कोब्यातच राहतो, स्लॅबला शिवतसुद्धा नाही. आउटडोअर युनिटच्या पायाशी पडणारी गोल भेग आणि त्याखालची ओल याचीच. अशा अँकरची ताकद मोजणीत शून्य धरा. खात्री करायला सैल अँकरच्या शेजारी बारीक बिटने भोक पाडा आणि भुकटीचा रंग बघा. लाल येतेय तोवर कोबा, राखाडी आणि कडक लागलं की स्लॅब. हे भोक वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारूनच पाडा आणि लगेच बुजवा, नाहीतर त्याची हमी जाते आणि खापर तुमच्यावर फुटतं.

लांब अँकर कोब्यातून आरपार स्लॅबमध्ये घालणं हा उपाय नाही. कोबा धरत नाही, त्यामुळे तेवढ्या उंचीत अँकर उघडाच असल्यासारखा वाकतो. कोबा तेवढ्या जागेत काढून आरसीसीचा पेडेस्टल करायचा, त्याच्या सळ्या स्लॅबमध्ये केमिकलने बसवायच्या, वॉटरप्रूफिंग पेडेस्टलच्या बाजूने वर चढवायचं आणि युनिट पेडेस्टलवर बोल्ट करायचं. कोब्यावर नुसता ओतलेला सिमेंटचा पॅडही चालत नाही. भूकंपात युनिट आणि पॅड दोघं मिळून सरकतात. युनिट स्प्रिंगवर असेल तर स्नबरही, म्हणजे त्याला ठरावीक मर्यादेपलीकडे हलू न देणारा अडथळा, लागतो, आणि युनिट व स्नबरमधली फट ६ मिमीपेक्षा जास्त असेल तर अमेरिकेच्या एएससीई ७ प्रमाणे धक्का दुप्पट धरावा लागतो, कारण युनिट वेगाने येऊन आदळतं. उभट युनिटला वाऱ्याचा भार वेगळा मोजायचा. टेरेसवर तो कधीकधी भूकंपापेक्षा मोठा निघतो.

खालच्या मजल्यांवर दुसरा प्रकार. शहरातल्या जुन्या गिरण्या आणि गोदामं आता हॉल, शोरूम झाली आहेत. कित्येकांचं छत गर्डरवर शहाबादी फरशी टाकून केलेलं आहे. फरशीत अँकर मारायचा नाही, गर्डरला बोल्ट किंवा वेल्डने जोडायचं. नुसता सी-क्लॅम्प ब्रेससाठी चालत नाही, तो आडव्या झटक्याने निसटतो.

स्लॅब नीट असेल तर अँकरची निवड. हँगरचे ड्रॉप-इन अँकर ब्रेसला वापरू नका. पत्र्यात किंवा काँक्रीटमध्ये बंदुकीने ठोकलेले खिळे तर अजिबात नाही. भूकंपात स्लॅबला बारीक भेगा पडतात आणि भेग नेमकी अँकरच्या भोकातून जाते, म्हणून भेगाळलेल्या काँक्रीटसाठी आणि भूकंपासाठी तपासलेला अँकर घ्यायचा. कंपनीच्या कागदावर एसीआय ३५५.२ किंवा युरोपियन मान्यतेतला सी-१, सी-२ वर्ग लिहिलेला असतो. दुकानदार "हेवी ड्यूटी आहे" म्हणाला, तरी कागद मागा. त्या कागदावरची भूकंपाची ताकद नेहमीच्या ताकदीपेक्षा कमी असते, तीच वापरायची. ओढ आणि आडवा भार एकत्र तपासायचे, वेगवेगळे नाहीत.

खोलीवर डोळा ठेवा. काँक्रीटचा शंकू उपटण्याची ताकद खोलीच्या दीड घाताने बदलते. ७० मिमीचं भोक सळई लागली म्हणून ३५ वर सोडून दिलं तर ताकद निम्मी उरत नाही, साधारण ३५ टक्केच उरते. सळई लागली तर भोक सोडा, जागा बदला. केमिकल अँकरला भोक फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून घ्यायचं. आणि सोलापूरच्या दुपारी केमिकल काही मिनिटांत घट्ट होतं, तेव्हा दहा भोकं भरून ठेवून मग रॉड घालत बसू नका. सकाळी लवकर काम करा, एक भोक, एक रॉड.

इथे थांबा आणि बोलवा

मार्कर, टेप, कोन, रॉड ताठ करणं, यू-बोल्ट मोकळे करणं इथपर्यंत अनुभवी मिस्त्री आणि सुपरवायझर करू शकतात. ब्रेसची जागा बदलायची असेल तर कागद डिझायनरकडे पाठवा. जागा बदलली की प्रत्येक अँकरचा भार बदलतो.

एकाच लाइनवर दोनपेक्षा जास्त अँकर भोकातून बाहेर येत असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि पुल-आउट टेस्ट करून घ्या. चाचणीचा भार त्यांनी ठरवायचा, मिस्त्रीने लटकून बघणं ही चाचणी नव्हे. स्लॅबमध्ये केबल ओढून ताण दिलेला असेल, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल, तर स्कॅन केल्याशिवाय एकही भोक नाही. ताणलेली केबल कापली गेली तर जीव जाऊ शकतो. अँकरच्या आसपास केसापेक्षा जाड भेग असेल, सळई उघडी पडून गंजलेली दिसत असेल, तरीही ड्रिल खाली ठेवा.

हॉस्पिटलची ऑक्सिजन लाइन असेल तर तिला हात लावायचा नाही, ती वैद्यकीय गॅसच्या अधिकृत ठेकेदाराचीच. फायर लाइनवर वेल्डिंग लागत असेल तर लाइन बंद करण्याआधी इमारतीच्या फायर ऑफिसरची लेखी परवानगी घ्या, आणि लाइन बंद असेल तितका वेळ त्या मजल्यांवर माणूस उभा ठेवा.

रात्री लाइन भरली आणि पंप एकदा चालवून पाहिला की नटांवरच्या जुन्या रेघा पुसून नव्या ओढा आणि तारीख टाका. पुढची पाहणी जानेवारीत नको, मेमध्ये करा, दुपारी दोनच्या सुमारास.